धुतलेल्या नमुन्याचं माप

नवा टर्किश टॉवेल पहिल्या धुण्यात थोडा आटतो, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. मागावर ताण्याचे धागे ताठ ओढलेले असतात, त्या ताणातच कापड तयार होतं, आणि पाणी लागलं की सूत सैल सुटून आखडतं. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून हे गाव सुताच्या संगतीत आहे, त्यामुळे सुताचा हा स्वभाव इथे घरोघरी माहीत असतो. चादर चार बोटं आटली तरी काही बिघडत नाही, ती पांघरायचीच असते. पण तेच सूत दोन सुयांवर घेऊन अंगाबरोबर बसणारा टॉप विणायचा असेल, तर चार बोटांचा फरक म्हणजे टॉप वाया गेला असं समजा.

सोलापुरात सुती विणकाम करणाऱ्यांना एक सोय आहे आणि तीच एक अडचणही आहे. इथली थंडी बेताची, त्यामुळे लोकरीचा जाड स्वेटर वर्षातून थोडेच दिवस अंगावर चढतो. सुती टॉप किंवा बिनबाह्यांचं जाकीट मात्र बरेच महिने वापरता येतं. मागांसाठी येणारं सूत कोनवर मिळतं. टॉवेलचं २/२० घेतलं, म्हणजे वीस नंबरचे दोन धागे पिळून केलेलं, तर त्याचे सहा पदर एकत्र धरून हातविणकामाला चांगली जाडी येते. हे सूत विणकामासाठी बांधलेलंच नसल्यामुळे त्यावर ‘अमुक नंबरची सुई, दहा सेंटीमीटरमध्ये इतके टाके’ अशी चिठ्ठी नसते. शिवाय कोनवर ते घट्ट ताणून गुंडाळलेलं असतं, म्हणून लडीच्या सुतापेक्षा पहिल्या धुण्यात जास्त बदलण्याचा संभव असतो. अशा सुताची माहिती एकाच ठिकाणी मिळते, ती म्हणजे आपल्या हातानं विणलेल्या आणि धुतलेल्या नमुन्यात.

उदाहरण म्हणून एक टॉप घेऊ. छाती ३६ इंच, म्हणजे साधारण ९१ सेंटीमीटर. टॉप अंगाबरोबर हवा, म्हणून तयार माप ९२ सेंटीमीटर धरू. खालच्या काठापासून मुंड्यापर्यंत लांबी ३३ सेंटीमीटर. पुढचा भाग आणि पाठ वेगवेगळी विणून बाजूंना शिवायची. वीण साधी, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट. सूत २/२० चं सहा पदरी, सुई ८ नंबरची. पुस्तकातल्या नमुन्यात दहा सेंटीमीटरला २२ टाके आणि ३० ओळी सांगितल्या आहेत.

सुईच्या नंबराबद्दल इथेच सांगते, कारण परदेशी नमुने पाहून विणणाऱ्यांचा घोटाळा बहुतेक वेळा इथे होतो. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकन नंबर उलटे चालतात आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. म्हणून नंबरावर न जाता मिलिमीटर पाहावेत. जुन्या सुईवरचा नंबर पुसला असेल तर भोकांची मापपट्टी मिळते, तिच्यातून सुई घालून पाहावी.

आता नमुना विणू. दहा सेंटीमीटरमधले टाके मोजायचे आहेत म्हणून दहा सेंटीमीटरचाच तुकडा विणायचा, असं करून चालत नाही. काठाचे टाके ओढलेले असतात, पहिल्या दोन-चार ओळी टाके घालण्याच्या पद्धतीनुसार घट्ट किंवा सैल येतात, आणि सुलट वीण कडांना मुडपते. मोजायची जागा या सगळ्यापासून दूर हवी. ४० टाके घाला. सुरुवातीच्या चार ओळी दोन्ही बाजूंनी सुलट विणा. मग मधले ३४ टाके साध्या विणीत आणि दोन्ही कडांचे तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलट, अशा पन्नासेक ओळी करा. शेवटी पुन्हा चार सुलट ओळी घालून टाके सैल हातानं बंद करा. बंद करताना हात आवळला तर वरची कड चुण्या घालते आणि तिच्याखालच्या ओळी आत ओढल्या जातात. तुकडा सुईवर असताना मोजू नका, कारण सुई टाक्यांना फाकवून धरते.

टॉप ज्या सुयांवर विणणार त्याच सुयांवर नमुना विणा. ४ मिलिमीटरची स्टीलची सुई आणि ४ मिलिमीटरची बांबूची सुई एकाच हातात वेगवेगळे टाके देऊ शकतात, कारण बांबूवर सूत अडतं आणि स्टीलवर घसरतं. टॉप गोल सुईवर, न शिवता, सलग गोल विणायचा असेल तर नमुनाही गोलच विणावा लागेल. बऱ्याच जणींची उलट ओळ सुलट ओळीपेक्षा किंचित सैल येते. तुकड्याच्या मागच्या बाजूला ओळींच्या जोड्या आणि जोड्यांमध्ये चरे दिसले, तर तुमचा हात तसा आहे असं समजावं. गोल विणताना उलट ओळ येतच नाही, म्हणून सपाट नमुन्याचा आकडा तिथे लागू पडत नाही.

नमुना बंद झाला की टेबलावर पसरा, न ओढता हातानं सपाट करा आणि थोडा वेळ तसाच ठेवा. मग पहिलं माप घ्या. शिवणाची कापडी टेप जुनी झाली की ताणलेली असते, म्हणून स्टीलची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्यावी. सुलट बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. एका व्हीच्या डाव्या कडेला टाचणी टोचा, पट्टी ओळीला समांतर ठेवा, बरोबर दहा सेंटीमीटरवर दुसरी टाचणी टोचा आणि मधले व्ही मोजा. टाचणी व्हीच्या मध्यावर आली तर तो अर्धा टाका आहे. तो सोडू नका आणि पूर्णही धरू नका. एकवीस आणि अर्धा टाका ‘बावीसच’ म्हणून लिहिला तर काय होतं ते पाहा. पूर्ण घेरात २०० टाके असतील तर बावीसच्या हिशेबानं टॉप ९१ सेंटीमीटरचा होईल आणि प्रत्यक्षात तो ९३ चा निघेल. अर्ध्या टाक्यानं दोन सेंटीमीटर वाढले.

ओळी उभ्या मोजाव्यात. एकावर एक आलेले व्ही मोजता येतात, पण डोळा चुकतो. उलट बाजूच्या आडव्या गाठी मोजणं सोपं जातं. टाके आणि ओळी दोन्ही तीन वेगवेगळ्या जागी मोजा आणि सरासरी घ्या. तिन्ही जागी आकडा बराच वेगळा येत असेल तर हात अजून त्या सुताला बसलेला नाही. अशा वेळी आणखी थोडं विणून मग मोजावं.

आपल्या नमुन्याचं पहिलं माप २२ टाके आणि ३० ओळी असं निघालं. पुस्तकाशी तंतोतंत जुळलं. बहुतेक जणी इथेच खूश होऊन टॉपचे टाके घालतात. पण हे माप कोऱ्या कापडाचं आहे, आणि टॉप आयुष्यभर कोरा राहणार नाही.

नमुना धुवायचा तो टॉप जसा धुतला जाणार तसाच. मशीनमध्ये टाकणार असाल तर नमुनाही मशीनमध्ये टाका. घरी बोअरचं पाणी आणि रोजची पावडर वापरत असाल तर नमुन्यालाही तेच. हातानं धुणार असाल तर कोमट पाण्यात साबण विरघळवून त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, म्हणजे पाणी सुताच्या आतपर्यंत जाईल. कोनचं सूत गडद लाल, मरून किंवा निळं असेल तर याच वेळी रंग उतरतो का तेही कळतं. ओला तुकडा पांढऱ्या कापडात दाबून पाहा. टॉपला पांढरी पट्टी लावायचा बेत असेल तर तो इथेच बदलता येईल.

धुऊन झाल्यावर पिळू नका. पिळल्यावर टाके तिरपे पडतात आणि ओळी वाकड्या होतात. तुकडा टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, टॉवेल पाणी ओढून घेईल. मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवा. हातानं हलकेच सरळ करा, पण ओढून मापात आणू नका आणि टाचण्या लावून ताणूही नका. ओढून मिळवलेलं माप सुती कापडात टिकत नाही, पुढच्या धुण्यात ते निघून जातं. उन्हाळ्यात सोलापुरात तुकडा लवकर वाळतो, पण वरून कोरडा लागला तरी जाड विणीच्या आत ओल राहते. रात्रभर ठेवून सकाळी मोजणं बरं. सूत पहिल्याच धुण्यात सगळं आटतं असंही नाही, म्हणून कोनच्या सुताचा नमुना दुसऱ्यांदा धुवावा. दुसऱ्या मापात फरक पडला नाही तर सूत बसलं. पडला तर तिसरं धुणं.

आपला नमुना दोनदा धुतल्यावर दहा सेंटीमीटरमध्ये २१ टाके आणि ३२ ओळी निघाल्या. म्हणजे तुकडा रुंदीला थोडा पसरला आणि उंचीला आखडला. विणताना सुई आणि हात मिळून सुताला ताणून धरतात. भिजल्यावर तंतू फुगतात, तो ताण सुटतो, उंच झालेले टाक्यांचे फेर बसके आणि गोल होतात. सुती साध्या विणीत उंची कमी होणं नेहमीचं आहे. रुंदी कधी वाढते, कधी तीही कमी होते. ते सूत, पीळ आणि वीण किती घट्ट आहे यावर ठरतं. म्हणून दुसरीच्या टॉपचा आकडा आपल्याला उपयोगी पडत नाही.

आता हिशेब करू. पुढचा भाग अर्ध्या घेराचा, ४६ सेंटीमीटर. धुतलेल्या मापानं एका सेंटीमीटरला २.१ टाके. ४६ गुणिले २.१ म्हणजे ९६.६, तर ९७ टाके धरू. दोन्ही बाजूंना शिवणीत जाणारा एकेक टाका मिळवला की ९९. पाठीलाही तेवढेच. कोऱ्या मापानं हेच गणित केलं असतं तर ४६ गुणिले २.२ म्हणजे १०१ आणि शिवणीचे दोन, असे १०३ टाके आले असते. तो टॉप विणून झाल्यावर अगदी बरोबर बसला असता आणि धुतल्यावर घेर ९६ सेंटीमीटरच्या वर गेला असता. चार सेंटीमीटर सैल टॉपला अंगाबरोबर बसणारा कोण म्हणेल?

लांबी ३३ सेंटीमीटर. एका सेंटीमीटरला ३.२ ओळी, म्हणून १०५.६, म्हणजे १०६ ओळी. काठाला एक सुलट एक उलट अशी पट्टी असेल तर तिचं माप वेगळं घ्यावं लागेल, कारण ती वीण आडवी आखडते. इथे हिशेब सोपा राहावा म्हणून सगळी लांबी साध्या विणीची धरली आहे.

हे आकडे हाती असूनही टॉप बिघडू शकतो, तो विणता विणता मध्येच मोजल्यामुळे. पुढचा भाग अर्ध्यावर आला की आपण तो टेबलावर पसरतो आणि टेप लावतो. शिवणीचे टाके सोडून रुंदी ४४ सेंटीमीटर दिसते, हवी होती ४६. मनात येतं की कमी पडलं, दोन-चार टाके वाढवावेत. वाढवू नका. कोऱ्या मापानं ९७ टाके ४४ सेंटीमीटरचेच होतात आणि धुतल्यावर ते ४६ होतील. लांबीला याच्या उलट होतं. मुंडा सुरू करायची वेळ आली असं टेप ३३ वर सांगते, पण तेव्हा सुईवर ९९ ओळीच झालेल्या असतात. तिथे थांबलात तर धुतल्यावर लांबी ३१ सेंटीमीटर भरेल आणि मुंडा वर चढेल, काखेत काचेल. १०६ ओळी पुऱ्या करा. कोरा भाग तेव्हा ३५ सेंटीमीटरच्या थोडा वर दिसेल आणि तसाच दिसायला हवा. ‘इतके सेंटीमीटर होईपर्यंत विणा’ असं पुस्तकात जिथे जिथे लिहिलंय तिथे धुतलेल्या मापानं ओळींचा आकडा काढून पेन्सिलीनं लिहून ठेवावा आणि ओळीच मोजाव्यात. दर दहाव्या ओळीला वेगळ्या रंगाचा दोरा अडकवला की मोजणं सोपं होतं.

कोरं माप घेऊन ठेवलं होतं ते इथे कामाला येतं. विणता विणता हात बदलतो. थकव्यानं सैल पडतो, घाईत आवळतो, सवय झाली की नमुन्यापेक्षा एकसारखा चालतो. दहा-बारा सेंटीमीटर विणून झाले की मधल्या जागी पट्टी लावा. २२ आणि ३० निघाले तर हात नमुन्यासारखाच चालतोय. साडेबावीस-तेवीस निघाले तर तिथेच थांबून सुईचा विचार करावा, कारण पुढची प्रत्येक ओळ तेवढीच अरुंद येणार आहे.

सुई कधी बदलायची? पुस्तकातले टाके जसेच्या तसे वापरायचे असतील तर धुतलेल्या नमुन्याचा आकडा पुस्तकाशी जुळायला हवा. टाके जास्त निघाले तर सुई जाड घ्या, म्हणजे आपल्या नंबरात ८ वरून ७. कमी निघाले तर बारीक, ८ वरून ९. आपले धुतलेले टाके २१, पुस्तकाचे २२, म्हणून ९ नंबर घेऊन दुसरा नमुना विणता येईल. किंवा आपण केला तसा हिशेब नव्यानं मांडता येईल. मला दुसरा मार्ग पटतो, पण एका अटीवर. धुतलेल्या नमुन्याचं कापड हाताला चांगलं लागलं पाहिजे. तुकडा उजेडापुढे धरा. आरपार जाळी दिसत असेल, बोटानं दाबल्यावर खड्डा तसाच राहत असेल, तर गणित कितीही जुळो, अंगाबरोबरच्या टॉपसाठी ते कापड सैल आहे. तो छातीवर आणि पाठीवर ओघळेल. अशा वेळी बारीक सुई घ्यावीच लागते. मुद्दाम हात आवळून विणण्याचा उपाय मात्र करू नका. चार ओळींनंतर हात आपल्या सवयीवर येतो आणि भागात वर-खाली दोन मापं पडतात.

टाके जुळले आणि ओळी जुळल्या नाहीत, असं पुष्कळदा होतं. सुई बदलून दोन्ही एकाच वेळी जुळवणं फार कठीण जातं. टाके जुळवा आणि ओळी हिशेबानं सांभाळा. साध्या लांबीत ते सोपं आहे. मुंड्यात आणि बाहीत लक्ष लागतं, कारण तिथे टाके कमी-जास्त करणं ओळींवर बांधलेलं असतं. मुंड्याची उंची १९ सेंटीमीटर हवी असेल तर आपल्या मापानं ६१ ओळी येतात, आणि जोडीनं संपवायला ६२ केल्या तरी चालतं. पुस्तकाच्या ३० ओळींच्या मापानं ५७-५८ च झाल्या असत्या आणि मुंडा सेंटीमीटरभर लहान राहिला असता.

नमुन्यालाही मर्यादा आहे. वीतभर तुकड्याला स्वतःचं वजन असं नसतं. सुती टॉपला ते असतं, आणि खांद्यापासून लटकताना तो दिवसभरात खाली उतरतो. याचा अंदाज घ्यायचा तर धुऊन वाळवलेला नमुना वरच्या कडेला चिमटे लावून दोरीवर अडकवा, खालच्या कडेला पाच-सहा चिमटे भारासाठी लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी लटकलेल्या अवस्थेतच ओळी मोजा. दहा सेंटीमीटरमध्ये ३२ च्या ३१ झाल्या तर टॉप ३३ सेंटीमीटरमागे सेंटीमीटरभर उतरेल, तेवढ्या तीन ओळी कमी करता येतात. हा अंदाजच आहे, पण नसण्यापेक्षा बरा. टॉप ओला असताना दोरीवर वाळत घालायची सवय असेल तर कुठलाच हिशेब टिकणार नाही, पाण्याच्या भारानं तो लांबतच जाणार. तो सपाटच वाळवावा लागेल.

दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे गोळे बरेचदा अॅक्रिलिकचे असतात. ते सुतासारखे आटत नाहीत, पण त्यांचाही नमुना धुवावा, कारण धुतल्यावर ते मऊ पडून पसरू शकतात. त्यावर गरम इस्त्री मात्र ठेवू नका. उष्णतेनं अॅक्रिलिक एकदा लुळं पडलं की पुन्हा उभारी धरत नाही. खऱ्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणं सोसत नाही. ती आटून नमद्यासारखी घट्ट होते, म्हणून तिचा नमुना साध्या पाण्यात बुडवून, न चोळता काढावा.

नमुन्याला चिठ्ठी बांधा आणि तिच्यावर सूत, पदर, सुई, कोरं माप, धुतलेलं माप एवढं लिहून ठेवा. सूत संपलं म्हणून नमुना उसवून वापरू नका. धुतलेलं सूत आटलेलं असतं आणि कोऱ्या सुतात ते मिसळलं की त्या ओळी वेगळ्या उठून दिसतात. या टॉपला अंदाजे तीनशे ग्रॅम सूत लागतं असं धरलं तर नमुन्याला वीस-पंचवीस ग्रॅम जातात. दुसऱ्या सुईचा नमुना करावा लागला तर आणखी तेवढेच. कोन घेताना हे वजन धरूनच घ्या आणि सगळे कोन एकाच रंगणीचे मागून घ्या.